१४ लाखांचा गोबरगॅस गावाला परवडतो का? मासिक सभेतल्या पंधरा मिनिटांच्या हिशेबाने ६० लाखांचे साडेआठ लाख कसे झाले

‘१४ लाख गुंतवा, ६० लाख वाचवा.’ सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत सदस्यांच्या हातात आलेल्या रंगीत पत्रकावर ही ओळ मोठ्या अक्षरांत छापलेली होती. गावातील ४० घरांना नळीने गॅस देणारे सामुदायिक गोबरगॅस संयंत्र बसवायचे, त्याचा खर्च १४ लाख रुपये, वापर १५ वर्षे, आणि तेवढ्या काळात सिलिंडरचे ६० लाख रुपये वाचणार, असा पुरवठादाराचा दावा होता. अर्ध्या सदस्यांनी मनातल्या मनात होकार देऊनही टाकला होता.

त्याच सभेत गावातल्याच एका तरुण अभियंता मुलीला पंधरा मिनिटे बोलायला दिली होती. तिने पत्रक बाजूला ठेवले, खडू हातात घेतला आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : ‘आपले किती पैसे खरेच वाचणार आणि त्यांची आजची किंमत किती?’ सभा संपली तेव्हा ६० लाखांच्या जागी फळ्यावर ८ लाख ४३ हजार हा आकडा उरला होता. तरीही संयंत्राचा विषय फेटाळला गेला नाही. हे कसे झाले, ते टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

शेणातून गॅस किती मिळतो?

हिशेबाची सुरुवात गोठ्यापासून होते. साधारण २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो, हे आपल्याकडच्या संयंत्रांसाठी वापरले जाणारे ढोबळ प्रमाण आहे. मोठे जनावर गोठ्यातच बांधलेले असेल तर दिवसाला सुमारे १० किलो शेण हाती लागते, म्हशीचे थोडे जास्त. चरायला सोडलेल्या जनावराचे निम्मे शेण रानातच राहते. ते हिशेबात धरायचे नाही.

प्रस्तावित संयंत्र रोज ४० घनमीटर गॅसचे होते. त्यासाठी रोज एक हजार किलो शेण हवे, म्हणजे गोठ्यात बांधलेली शंभरेक मोठी जनावरे. शेणात तेवढेच पाणी कालवून ते टाकीत सोडतात. महाराष्ट्रातील हवामानात हा काला टाकीत सुमारे ४० दिवस राहावा लागतो, तरच जिवाणूंना त्यातून पुरेसा गॅस काढता येतो. रोज दोन हजार लिटर काला गुणिले ४० दिवस म्हणजे ८० हजार लिटर. टाकीचा आकार एवढा मोठा का असतो, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

तयार झालेल्या गॅसमध्ये साधारण ५५ ते ६० टक्के मिथेन असतो. बाकीचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा, जो जळत नाही. त्यामुळे एक घनमीटर गोबरगॅस सिलिंडरमधल्या सुमारे ४३० ग्रॅम एलपीजीचे काम करतो.

मग ६० लाखांचा आकडा आला कुठून?

पुरवठादाराचा हिशेब चुकीचा नव्हता, पण तो गॅसचा होता. गावाच्या पैशांचा हिशेब त्यात नव्हताच. रोज ४० घनमीटर गॅस वर्षभर मिळाला तर तो ६,२७८ किलो एलपीजीएवढा होतो. १४.२ किलोच्या सिलिंडरने भागले की ४४२ सिलिंडर येतात. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर वर्षाला जवळपास चार लाख रुपये. १५ वर्षांचे ६० लाख.

अभियंता मुलीने सदस्यांना साधा प्रश्न विचारला. ‘काका, तुमच्या घरी वर्षाला सिलिंडर किती लागतात?’ कोणी सात सांगितले, कोणी नऊ. सरासरी आठ धरू, असे ठरले. चाळीस घरांचे मिळून ३२० सिलिंडर होतात. पत्रकात मात्र ४४२ सिलिंडर वाचणार होते.

‘जे १२२ सिलिंडर आपण विकतच घेत नाही, ते वाचणार कसे?’ तिने विचारले. एक वयस्क सदस्य हसून म्हणाले, ‘म्हणजे न घेतलेल्या म्हशीचं दूध काढायचं की गं!’

जादा गॅस फुकट जाईल असे नाही. एखादे घर आंघोळीचे पाणी त्यावर तापवेल, जळणाचा एक भारा वाचेल. पण सरपण गावात बहुतेकांना पैसे न देता मिळते. त्यामुळे त्याची सोय आहे, धुराचा त्रास कमी होणे आहे, पण खिशात राहणारी रोकड नाही. ग्रामपंचायत रोकड गुंतवणार असेल तर तुलनाही रोकडीशीच करायला हवी.

आणखी एक कपात तिने केली. कोणतेही घर सिलिंडर पूर्ण बंद करणार नाही. पाहुणे आले, संयंत्र दुरुस्तीला बंद असले, थंडीत गॅस कमी आला, तर घरात एक सिलिंडर लागतोच. त्यासाठी वर्षाला दोन सिलिंडर धरले. म्हणजे घरटी आठांऐवजी सहाच सिलिंडर वाचणार. चाळीस घरांचे २४० सिलिंडर, आणि रुपयांत २ लाख १६ हजार. चार लाखांचा आकडा इथेच जवळपास निम्म्यावर आला.

चालवायला किती खर्च येतो?

गॅस फुकट असतो, असे म्हटले जाते. शेण गावातलेच असले तरी रोज एक हजार किलो शेण मोजून घेणे, पाण्यात कालवणे, काडीकचरा वेचणे, सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी झडप उघडणे हे काम एका माणसाचा अर्धा दिवस खाते. त्याला महिन्याला सहा हजार रुपये धरले तर वर्षाचे ७२ हजार होतात. नळ्या, झडपा, शेगड्यांचे बर्नर आणि गॅसमधला सडक्या अंड्यासारखा वास असलेला गंधकयुक्त वायू काढणारी गाळणी यांच्यावर वर्षाला २४ हजार. एकूण ९६ हजार.

२ लाख १६ हजारांतून ९६ हजार वजा केले की उरतात १ लाख २० हजार. ही संयंत्राची खरी वार्षिक निव्वळ बचत. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर उभा आहे.

शेणाची किंमत खर्चात का धरली नाही, हा प्रश्न एका शेतकरी सदस्याने विचारला. ‘शेण गेलं म्हणजे आमचं खत गेलं ना?’ त्याचे उत्तर टाकीच्या दुसऱ्या टोकाला आहे. टाकीत शेणातला कार्बन गॅस होऊन निघतो, पण नत्र, स्फुरद आणि पालाश बाहेर पडणाऱ्या रबडीत, म्हणजे स्लरीत, राहतात. ज्याने जेवढे शेण दिले त्याला त्या प्रमाणात स्लरी परत मिळाली, तर खताचे नुकसान होत नाही. म्हणून शेण खर्चात धरायचे नाही आणि स्लरी उत्पन्नातही धरायची नाही. स्लरी उघड्यावर उन्हात वाळवली तर मात्र नत्राचा काही भाग अमोनिया होऊन उडून जातो. ती ओलीच शेतात सोडणे किंवा उकिरड्यातल्या काडीकचऱ्यावर ओतणे चांगले.

उद्याचा रुपया आज किती पैशांचा?

इथपर्यंत सदस्यांना सगळे पटले होते. उपसरपंचांनी लगेच गुणाकार केला. वर्षाला १ लाख २० हजार, १५ वर्षांचे १८ लाख. खर्च १४ लाख. ‘म्हणजे ६० नाही, पण चार लाखांचा फायदा आहेच की!’

सभेतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा इथे आला. चौदा लाख आज, एकरकमी जाणार आहेत. अठरा लाख मात्र १५ वर्षांत थोडे थोडे येणार आहेत. या दोन रकमा शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही.

‘तात्या, मी तुम्हाला आज लाख रुपये मागितले आणि पंधरा वर्षांनी लाखच परत दिले, तर चालेल?’ या प्रश्नावर कोणाला समजावून सांगावे लागले नाही. भिशीत पहिला नंबर घेण्यासाठी लोक पैसे सोडतात, ते याच कारणाने. पूर्वी व्यापारी मुदतीची हुंडी मुदतीआधी वटवत, तेव्हा सावकार रक्कम कापून देई. त्या कापलेल्या रकमेला वटाव म्हणत. भविष्यातल्या बचतीची आजची किंमत काढताना तेच करायचे असते, म्हणजे व्याज उलट्या दिशेने लावायचे. ज्या दराने लावायचे त्याला वटाव दर म्हणतात.

दर किती घ्यायचा? ग्रामपंचायतीने पैसे बँकेत ठेवले तर सात टक्क्यांच्या आसपास व्याज मिळेल. गावातल्या बचत गटाचे कर्ज बारा टक्क्यांच्या घरात आहे. संयंत्र ठेवीइतके सुरक्षित नाही, म्हणून दोन्हींच्या मधला १० टक्के दर धरला. सूत्र एका ओळीचे आहे :

आजची किंमत = त्या वर्षाची बचत ÷ (१ + दर)^वर्षे

एक वर्षाने वाचणारे १ लाख २० हजार १.१ ने भागले की १ लाख ९ हजार ९१ रुपये येतात. पडताळा सोपा आहे : आज १,०९,०९१ रुपये दहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाने बरोबर १ लाख २० हजार होतात. दुसऱ्या वर्षाच्या बचतीला १.१ ने दोनदा भागायचे, तिसऱ्या वर्षाला तीनदा. फळ्यावर तिने पाच ओळी लिहिल्या :

वर्ष १ : १,०९,०९१ रुपये
वर्ष २ : ९९,१७४ रुपये
वर्ष ५ : ७४,५११ रुपये
वर्ष १० : ४६,२६५ रुपये
वर्ष १५ : २८,७२७ रुपये

दरवर्षी वाचतात तेवढेच १ लाख २० हजार, पण पंधराव्या वर्षाची बचत आजच्या हिशेबाने २९ हजारांचीही नाही. सगळ्या १५ वर्षांची बेरीज ९ लाख १३ हजार येते. प्रत्येक वर्षाची ओळ लिहायची नसेल तर १० टक्के दर आणि १५ वर्षांसाठी वार्षिक बचतीला ७.६०६ ने गुणले तरी हेच उत्तर मिळते.

एक मोठा खर्च अजून उरला होता. आठव्या वर्षाच्या आसपास गॅस साठवणारा भाग बदलावा लागेल, त्याला दीड लाख धरले. हाही उद्याचा खर्च असल्याने त्यालाही तोच नियम. आठ वर्षांनंतरच्या दीड लाखाची आजची किंमत सुमारे ७० हजार. ९ लाख १३ हजारांतून ती वजा केली की उरले ८ लाख ४३ हजार.

थोडक्यात, पुढच्या १५ वर्षांत हे संयंत्र जे देईल त्याची आजची किंमत साडेआठ लाखांच्याही किंचित खाली आहे. गावाने त्यासाठी पदरचे १४ लाख घातले तर साडेपाच लाखांचा तोटा आहे. उपसरपंचांना दिसलेला चार लाखांचा फायदा वटावात विरघळून गेला.

पण सिलिंडर महागणारच ना?

सरपंचताईंनी विचारलेला हा प्रश्न योग्य होता. ९०० रुपयांचा सिलिंडर १५ वर्षे ९०० चाच कसा राहील?

उत्तर असे, की भाव वाढला तर बचत वाढते, पण संयंत्र चालवणाऱ्याचा पगार आणि दुरुस्तीचा खर्चही वाढतो. सगळेच भाव वर्षाला चार टक्क्यांनी वाढतात असे धरले, तर प्रत्येक वर्षाचा आकडा वाढवत बसण्याची गरज नाही. दहा टक्के दरातून महागाईचे चार टक्के काढले की साधारण सहा टक्के उरतात. आजच्याच भावाने बचत मोजायची आणि तिला सहा टक्के वटाव लावायचा.

सहा टक्क्यांनी १५ वर्षांच्या बचतीची आजची किंमत ११ लाख ६५ हजार येते. आठव्या वर्षाच्या दुरुस्तीचे ९४ हजार वजा केले तर १० लाख ७० हजारांच्या आसपास. म्हणजे महागाई धरूनही आकडा १४ लाखांपर्यंत पोचत नाही. सावध हिशेबाने ८.४ लाख, भाव वाढत राहिले तर १०.७ लाख, एवढाच पट्टा आहे.

इथे एक चूक टाळायला हवी. काही अहवालांत सिलिंडरचा भाव दरवर्षी वाढवलेला असतो, पण पगार आणि दुरुस्ती आहे तेवढीच ठेवलेली असते. असा हिशेब समोर आला तर आधी खर्चाचा रकाना बघावा. तो पंधरा वर्षे सपाट असेल तर फायद्याचा आकडा फुगवलेला आहे.

दहा घरे बाहेर पडली तर?

सामुदायिक संयंत्राचे घरगुती संयंत्रापेक्षा वेगळे दुखणे इथे आहे. चालकाचा पगार आणि दुरुस्ती मिळून ९६ हजारांचा खर्च घरे कमी झाली म्हणून कमी होत नाही. चाळीसपैकी दहा घरांनी जनावरे विकली किंवा वर्गणी थांबवली, तर बचत १ लाख ६२ हजारांवर येते आणि खर्च वजा जाता ६६ हजार उरतात. दुरुस्ती धरून आजची किंमत ४ लाख ३२ हजार. घरे एक चतुर्थांश घटली, पण संयंत्राची किंमत थेट निम्म्यावर आली.

कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा या गावाचा अनुभव म्हणूनच वाचण्यासारखा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘अस्त्र’ या गटाने तिथे सामुदायिक संयंत्र उभारले. सगळ्या घरांच्या स्वयंपाकाला पुरेल एवढा गॅस मिळत नाही, हे लक्षात आल्यावर १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो गॅस इंजिनाला देण्यात आला. त्यावर विंधन विहिरीचा पंप चालला, घरांत नळाचे पाणी आणि दिवे आले. शेण देणाऱ्याला त्या प्रमाणात स्लरी परत मिळत असे. ज्याच्या घरी जनावरे कमी, त्यालाही पाण्याचा फायदा सारखाच होता. त्यामुळे शेण आणून देण्यात सगळ्यांचा रस टिकला. गॅस कशासाठी वापरायचा, हे शेण किती मिळते ते पाहूनच ठरवावे लागते.

बचत घरांची, खर्च पंचायतीचा. मग पैसे कोण भरणार?

फळ्यावरचा हिशेब गावाचा एकत्रित होता. प्रत्यक्षात सिलिंडरचे पैसे वाचतात घराघरांत, आणि चालकाचा पगार द्यावा लागतो ग्रामपंचायतीला. मधली साखळी नसेल तर पहिल्या वर्षाच्या शेवटी चालक काम सोडतो आणि टाकीवर गवत उगवते.

वर्षाला सहा सिलिंडर वाचणाऱ्या घराचे महिन्याला ४५० रुपये वाचतात. त्यातले २५० रुपये गॅसपट्टी म्हणून घेतले तर ४० घरांचे वर्षाला १ लाख २० हजार जमतात. चालवण्याचे ९६ हजार जाऊन २४ हजार उरतात. ते वेगळ्या खात्यात ठेवले तर आठ वर्षांत व्याज न धरताही १ लाख ९२ हजार होतात, म्हणजे दीड लाखाच्या दुरुस्तीची सोय झाली. घराकडेही महिन्याला २०० रुपये उरतात. गॅसपट्टी ४५० च्या जवळ गेली तर लोक पुन्हा सिलिंडरकडे वळतील. ती २०० च्या खाली गेली तर पगारच निघणार नाही.

गडबड होते आहे, हे कसे ओळखायचे?

यासाठी चालकाकडे एक वही लागते. रोज किती किलो शेण आले, किती पाणी घातले आणि गॅस किती तास पुरला, एवढ्याच तीन नोंदी. शेण कमी झाले आणि गॅसही कमी झाला, तर दोष संयंत्राचा नाही. शेण तेवढेच असून गॅस एकाएकी घटला, तर आधी गळती शोधायची. जोडांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात. डिसेंबर-जानेवारीत गॅस हळूहळू कमी होणे स्वाभाविक आहे, कारण थंडीत जिवाणू मंदावतात.

शेगडीची ज्योतही बरेच सांगते. निळी आणि स्थिर असेल तर सगळे ठीक. ज्योत वरखाली उड्या मारत असेल तर नळीत पाणी साचले आहे. गॅसबरोबर येणारी वाफ थंड होऊन सखल जागी पाणी होते, म्हणून नळीच्या उताराला पाणी काढायची तोटी ठेवावी लागते. गॅस येतो पण पेटत नाही आणि स्लरीला आंबूस वास येतो, तेव्हा टाकीत एकदम जास्त खाद्य गेले आहे. काही दिवस शेण कमी करावे लागते. गॅसचा दाब फारच कमी असल्याने एलपीजीची शेगडी तशीच चालत नाही. मोठ्या छिद्राची गोबरगॅसची शेगडी लागते. त्याच कारणाने फार लांबच्या वस्तीला या नळीवर जोडू नये.

शेवटी गावाने काय ठरवले?

साडेआठ लाखांचा आकडा म्हणजे ‘नको’ असा अर्थ नाही. गावाने पदरचे किती घालावेत याची ती मर्यादा आहे. उरलेली रक्कम अनुदानातून आली तर गावासाठी हिशेब बसतो. केंद्राची ‘गोबरधन’ योजना २०१८ मध्ये सुरू झाली. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात, २०२०-२१ ते २०२४-२५ या काळासाठी, तिच्यातून नमुना सामुदायिक संयंत्रांकरिता प्रत्येक जिल्ह्याला ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद होती. सध्या काय शिल्लक आहे, याची चौकशी जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागात करायचे सभेत ठरले.

फळ्यावरच्या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघाली. २४० सिलिंडरचे काम करायला वर्षभर सरासरी रोज २२ घनमीटर गॅस पुरतो. थंडी, बंद दिवस आणि कमी शेण धरून संयंत्राकडून सत्तर टक्केच काम होईल असे मानले, तरी ३२ घनमीटरचे संयंत्र पुरेसे आहे. त्याला एक हजारऐवजी ८०० किलो शेण लागेल. मग ४० घनमीटरचे कशाला? नळ्या आणि शेगड्यांचा खर्च तेवढाच राहील, पण टाकी लहान होईल. पुरवठादाराकडून ३२ घनमीटरचे नवे दरपत्रक मागवायचे ठरले.

त्याआधी दोन कामे सदस्यांनी वाटून घेतली. सात दिवस रोज सकाळी ताणकाट्यावर चाळीस घरांचे शेण मोजायचे, अंदाज सांगायचा नाही. आणि प्रत्येक घराच्या गॅस पुस्तिकेवरून मागच्या वर्षी किती सिलिंडर घेतले ते लिहून आणायचे. सरासरी आठऐवजी सहा निघाली, तर दोन राखीव जाऊन घरटी चारच सिलिंडर वाचतील. ४० घरांचे १ लाख ४४ हजार, खर्च वजा जाता फक्त ४८ हजार. मग साडेआठ लाखांची मर्यादा तीन लाखांच्याही खाली जाईल आणि विषय पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागेल.

ठरावात ग्रामसेवकांनी शेवटचे वाक्य असे लिहिले : ‘ग्रामपंचायतीचा स्वनिधी आठ लाखांपेक्षा जास्त घालू नये. शेण व सिलिंडरची मोजणी झाल्यावर विषय ग्रामसभेपुढे ठेवावा.’ न घेतलेल्या म्हशीचे दूध काढणाऱ्या सदस्यांनी त्यावर पहिली सही केली. दुसऱ्या दिवशी ताणकाटा सोसायटीच्या गोदामातून आणायचे कामही त्यांच्याकडेच आले.